कुत्र्याला रक्त चढवायची वेळ येते तेव्हा: हिरड्या बघण्यापासून बॅग संपेपर्यंत

मी नाशिकला एका व्हेट डॉक्टरांकडे असिस्टंट आहे, ९ वर्षं झाली. पावसाळा संपत आला की आमच्याकडे गोचीड तापाच्या केसेसची रांग लागते आणि त्यातल्या काही कुत्र्यांना रक्त चढवावंच लागतं. पालक घाबरलेले असतात, डोनर कुठून आणायचा माहीत नसतं, आणि कोणीतरी हमखास सांगितलेलं असतं की "कुत्र्यांना काय, पहिल्या वेळी कुठलंही रक्त चालतं". ते वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे कुत्री जातात, म्हणून मुख्यतः त्यासाठीच हे लिहितेय. डोस आणि औषधं तुमचे डॉक्टर ठरवतील, पण काय चाललंय हे कळलं तर तुम्ही योग्य प्रश्न विचाराल आणि वेळ वाया जाणार नाही.

पूर्ण लेखात एकच केस धरून चालू. ठकी, गावठी कुत्री, साधारण ५ वर्षांची, १८ किलो. एका काकूंनी ती २ वर्षांपूर्वी दुसऱ्या घरातून दत्तक घेतलेली. (नाव बदललंय, बाकी जसं घडलं तसं.)

पहिली पायरी: घरी काय बघायचं

ठकी ४ दिवस नीट जेवत नव्हती, जिना चढताना मधेच बसायची. काकूंना वाटलं उन्हामुळे असेल. पाचव्या दिवशी शू कॉफीसारखी झाली तेव्हा त्या आल्या.

रक्त कमी झालंय का हे बघायला ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. कमी रक्त असेल तर फिक्या, खूपच कमी असेल तर पांढऱ्याफटक, आणि जिभेचा रंगही उडालेला असतो. बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे काही कळत नाही, मग डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून आतला भाग बघायचा. पांढऱ्यावर पिवळी झाक असेल तर शरीराच्या आतच रक्तपेशी फुटतायत असं समजायचं, शूचा गडद रंगही त्याच बाजूला बोट दाखवतो. पिवळं काही नाही, नुसतंच पांढरं आहे, तर कुठेतरी रक्त वाहून गेलंय किंवा नवीन रक्त तयारच होत नाहीये. ही काही पक्की तपासणी नाही पण डॉक्टरांना फोनवर सांगायला खूप उपयोगी पडते.

दुसरं, झोपलेलं असताना श्वास मोजा. छाती एकदा वर गेली आणि खाली आली की एक. शांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवेत. ठकी नुसती पडल्या पडल्या ५६ घेत होती. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या पेशीच कमी असल्या की हृदय आणि फुप्फुसं जास्त पळून ती कसर भरून काढतात, म्हणून हिरड्या पांढऱ्या आणि श्वास जोरात अशी जोडी दिसली की उद्या सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री निघायचं. आणताना चालवू नका, उचलून गाडीत ठेवा.

आणि एक कळकळीने सांगते, या अवस्थेत बीट, खजूर, लोहाचं सिरप यावर दोन दिवस घालवू नका. नवीन लाल पेशी तयार होऊन बाहेर यायला हाडांमधल्या मज्जेला ३ ते ५ दिवस तरी लागतात, तेवढा वेळ अशा कुत्र्याकडे नसतो. घरच्या रश्श्यातली कलेजी तर नकोच, त्यातला कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, म्हणजे आधीच उरलंय त्यातलंही जायचं.

दुसरी पायरी: पीसीव्ही म्हणजे काय आणि किती कमी म्हणजे कमी

क्लिनिकमध्ये पहिली तपासणी पीसीव्ही. काचेच्या बारीक नळीत रक्त भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा राहतो, आणि लाल भाग एकूण उंचीच्या किती टक्के आहे तो आकडा म्हणजे पीसीव्ही. रिपोर्टवर हिमॅटोक्रिट लिहिलेलं असतं तेही जवळपास हेच. निरोगी कुत्र्यात साधारण ३७ ते ५५. ठकीचा आला ११. नळी हातात घेतली तर लाल पट्टा करंगळीच्या नखाएवढा पण नव्हता, आणि वरचं पाणी गडद पिवळं, पेशी फुटत असल्याची खूण.

आता प्रश्न येतो, किती आकड्याला रक्त द्यायचं? सगळ्यांना एक ठरलेला आकडा हवा असतो पण तसा तो नाहीये. ढोबळ मानाने २० च्या खाली गेलं की आम्ही सावध होतो आणि १२ ते १५ च्या खाली बहुतेकांना द्यावंच लागतं, पण आकड्यापेक्षा कुत्रं कसं दिसतंय आणि रक्त किती दिवसांत उतरलं हे जास्त महत्त्वाचं. किडनीचा जुना आजार असलेलं म्हातारं कुत्रं १६ वर सुद्धा शेपूट हलवत चालत येतं, कारण महिनोन्महिने हळूहळू उतरल्यामुळे शरीराने जुळवून घेतलेलं असतं. तोच १६ चा आकडा दोन दिवसांत आलेला असेल तर कुत्रं उभं राहू शकत नाही.

अपघातात तर हा आकडा चक्क फसवतो. गाडीने उडवलेलं कुत्रं पोटात रक्तस्राव होत असताना आलं तर पहिल्या तासात पीसीव्ही ४० पण येऊ शकतो, कारण पेशी आणि पाणी दोन्ही एकाच प्रमाणात गेलेत, उरलेल्या रक्तातलं प्रमाण तेच. नंतर शरीर आणि सलाईन मिळून पाणी भरून काढतात तेव्हा खरा आकडा समोर येतो. म्हणून तिथे हिरड्या, नाडी, ठोके आणि वरच्या पाण्यातलं प्रोटीन बघतात, प्रोटीन पण उतरलं असेल तर रक्त वाहून गेल्याची शक्यता जास्त.

बाकी कुठल्या कुठल्या वेळी रक्त लागतं ते थोडक्यात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्त साचतं तेव्हा. लहान पिल्लांना हुकवर्म जंत झाले की, ते आतड्याला चिकटून रक्त पितात आणि ३ किलोच्या पिल्लात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास असतं, त्यामुळे पिल्लू बघता बघता पांढरं पडतं. स्वतःच्याच पेशींवर शरीर हल्ला करतं त्या आजारात. उंदराचं औषध खाल्लेल्यात, तिथे रक्त गोठणंच बंद झालेलं असतं म्हणून गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा किंवा ताजं रक्त लागतं, आणि सोबत व्हिटॅमिन के. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गोचीड तापात. ठकीच्या स्लाइडवर लाल पेशींच्या आत बॅबेशिया या गोचीड तापाच्या जंतूचे बारीक ठिपके दिसले, म्हणजे निदान तिथेच झालं. औषध लगेच सुरू केलं, पण औषध काम करेपर्यंत जगवायला रक्त हवं होतं. रक्त आजार बरा करत नाही, तो बरा होईपर्यंत वेळ मिळवून देतं. मूळ आजाराचं निदान झालं नाही तर चढवलेलं रक्त पण तसंच जातं.

तिसरी पायरी: ब्लड ग्रुप, इथे जरा थांबून वाचा

कुत्र्यांमध्ये ए, बी, ओ नसतं. त्यांची पद्धत डीईए नावाने चालते, डीईए १, ३, ४, ५, ७ असे नंबर आहेत, शिवाय डाल आणि काई नावाचे ग्रुप पण सापडलेत (डाल हे नाव डाल्मेशियनवरून, कारण त्या जातीतल्या एका कुत्र्यामुळे तो लक्षात आला). एक कुत्रं एकाच वेळी यातल्या अनेकांना पॉझिटिव्ह असू शकतं. घाबरू नका, रोजच्या कामात आपल्याला एकच सांभाळायचाय, डीईए १. कारण याच्याविरुद्ध शरीर सगळ्यात जोरात उठतं. साधारण अर्धी कुत्री डीईए १ पॉझिटिव्ह आणि अर्धी निगेटिव्ह असं धरून चाला, जातीप्रमाणे प्रमाण बदलतं.

आता ते अर्धसत्य. माणसात ए ग्रुपवाल्याच्या रक्तात बी विरुद्धच्या अँटिबॉडी जन्मानंतर आपोआप तयार झालेल्या असतात, म्हणून पहिल्याच चुकीच्या बाटलीला जीवावर बेततं. कुत्र्यात डीईए १ विरुद्ध अशा तयार अँटिबॉडी नसतात. म्हणून डीईए १ निगेटिव्ह कुत्र्याला पहिल्यांदा पॉझिटिव्ह रक्त दिलं तरी त्या दिवशी बहुतेक वेळा काही होत नाही. कुत्रं उठतं, जेवतं, सगळे खूश होऊन घरी जातात.

पण शरीराने ते रक्त ओळखून ठेवलेलं असतं. पुढच्या एक ते दोन आठवड्यांत अँटिबॉडी तयार होतात. त्याने दोन गोष्टी होतात. एक, आधी चढवलेल्या पेशी अजून अंगात असतात त्या फोडल्या जातात, पीसीव्ही पुन्हा खाली येतो आणि सगळ्यांना वाटतं आजार उलटला. दोन, जी जास्त भयंकर, पुढे कधीही, वर्षांनी सुद्धा, पुन्हा पॉझिटिव्ह रक्त दिलं तर त्या पेशी काही मिनिटांत, तासांत फुटायला लागतात. उलटी, थरथर, ताप, ठोके सुटणं, लाल काळी शू, शॉक. कुत्रं जाऊ शकतं. पहिल्या वेळची चूक दुसऱ्या वेळी फेडावी लागते, आणि तोपर्यंत पहिली वेळ कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

म्हणून नियम असा की डीईए १ निगेटिव्ह कुत्र्याला फक्त निगेटिव्हचंच रक्त. पॉझिटिव्ह कुत्र्याला या ग्रुपपुरतं दोन्ही चालतं, पण पॉझिटिव्ह डोनर हाताशी असेल तर निगेटिव्ह डोनर राखून ठेवायचा, कारण निगेटिव्ह पेशंटला दुसरा पर्याय नसतो.

ग्रुप ओळखायची म्हणजे टायपिंगची पट्टी मिळते, जांभळ्या बुचाच्या बाटलीतलं थोडंसं रक्त लागतं आणि काही मिनिटांत उत्तर. कंट्रोलची रेघ यायलाच हवी, ती आली नाही तर पट्टी फेकून दुसरी घ्यायची. डीईए १ समोर रेघ उमटली तर पॉझिटिव्ह, आणि अगदी फिकट रेघ पण पॉझिटिव्हच धरायची. हे टायपिंग रक्त चढवायच्या *आधी* करायचं, नंतर केलं तर डोनरच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि रिझल्ट गोंधळाचा येतो. ठकी निगेटिव्ह निघाली.

चौथी पायरी: आधी कधी रक्त चढवलंय का?

हा प्रश्न आमच्या डॉक्टरांचा पहिला असतो. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे आल्यापासून नाही, त्याआधीचं काय माहीत नाही गं." मी म्हटलं, "काकू, त्या आधीच्या घरी एक फोन लावा ना आत्ताच." त्यांनी लावला. पलीकडून उत्तर आलं की हो, तिला असाच ताप आला होता तेव्हा एका ओळखीच्यांच्या कुत्र्याचं दिलं होतं, ग्रुप वगैरे कोणी बघितला नव्हता, पण तेव्हा तर काही झालं नाही.

त्या एका फोनने केस बदलली. दत्तक घेतलेलं, रस्त्यावरून आणलेलं, ज्याचा इतिहास माहीत नाही असं कुठलंही कुत्रं म्हणजे आधी रक्त मिळालेलं असू शकतं असंच धरायचं. तिथे टायपिंग पुरत नाही, क्रॉसमॅच लागतंच.

क्रॉसमॅच म्हणजे दोघांचं रक्त शरीराबाहेर एकत्र आणून बघणं. डोनरच्या लाल पेशी सलाईनने ३ वेळा धुवून घेतात, सलाईनमध्येच पातळ करतात, आणि पेशंटच्या प्लाझ्माचे २ थेंब आणि त्या पेशींचा १ थेंब एका टेस्ट ट्यूबमध्ये. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांवर, १५ ते ३० मिनिटं ठेवतात, फिरवतात, आणि मग ट्यूब हलकेच हलवून बघतात. तळाला बसलेल्या पेशी धुरासारख्या सुटून मिसळल्या तर जमलं. दह्याच्या कवड्यांसारखे गोळे राहिले किंवा वरचं पाणी लालसर झालं तर ते रक्त द्यायचं नाही. सोबत एक ट्यूब पेशंटच्याच पेशी आणि पेशंटचाच प्लाझ्मा अशी लावायची. त्यात पण गोळे आले तर पेशंटचं रक्त स्वतःच्याच पेशींना चिकटतंय, मग या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. ठकीची ती ट्यूब स्वच्छ होती.

एक मर्यादा लक्षात असू द्या. क्रॉसमॅच आत्ता असलेल्या अँटिबॉडी दाखवतं, ग्रुप दाखवत नाही. ज्याला कधीच रक्त मिळालं नाही अशा निगेटिव्ह कुत्र्याचं क्रॉसमॅच पॉझिटिव्ह डोनरशी पण छान जमेल, आणि तरीही दोन आठवड्यांत अँटिबॉडी होतीलच. म्हणजे क्रॉसमॅच केलं म्हणून टायपिंग टाळता येत नाही आणि उलटही नाही.

पाचवी पायरी: डोनर

माणसांसारख्या रक्तपेढ्या कुत्र्यांसाठी आपल्याकडे फारच थोड्या आहेत. चेन्नईच्या मद्रास व्हेटरनरी कॉलेजमध्ये आहे, लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात आहे, पण नाशिकमध्ये रात्री ९ वाजता त्याचा उपयोग होत नाही, ओळखीतलाच डोनर शोधावा लागतो. माणसाचं रक्त कुत्र्याला चालत नाही, हे विचारणारे दर वर्षी भेटतात म्हणून लिहिलं.

डोनर कसा हवा: वय १ ते ८ च्या दरम्यान, वजन २५ किलोच्या वर, स्वभावाने शांत कारण १०-१५ मिनिटं हलायचं नाहीये, लसीकरण पूर्ण, कुठलं औषध चालू नाही, पीसीव्ही ४० च्या वर, आणि स्वतः कधीही रक्त घेतलेलं नाही. आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं, गोचीड तापाची तपासणी. दिसायला टणटणीत कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया किंवा बॅबेशिया गुपचूप असू शकतो आणि बॅगेतून थेट पेशंटमध्ये जातो. स्लाइडवर कमी प्रमाणातले जंतू सुटतात, किट त्याहून बरं, पीसीआर सगळ्यात भरवशाचं पण त्याचा रिपोर्ट रात्रीत मिळत नाही. म्हणूनच ज्यांच्याकडे मोठं, धट्टंकट्टं कुत्रं आहे त्यांनी निवांत वेळी टायपिंग आणि पीसीआर करून आपल्या डॉक्टरांकडे नोंद ठेवावी, त्या रात्री खरी धावपळ याचीच असते.

ठकीसाठी तीन डोनर आले. पहिला एक जर्मन शेफर्ड, ३४ किलो, केस चकाकणारे, किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह. मालकांना पत्ताच नव्हता, त्याचेच उपचार दुसऱ्या दिवशी सुरू झाले. दुसरा शेजारच्या बिल्डिंगमधला लॅब, किट निगेटिव्ह, पण डीईए १ पॉझिटिव्ह. तिथेच थांबायला हवं होतं आणि थांबलोच, पण डॉक्टरांनी आम्हाला शिकवायला म्हणून त्याचं क्रॉसमॅच लावलं. ट्यूब हलवली तर तळाचा गोळा आख्खा उचलून फिरला, सुटलाच नाही. म्हणजे मागच्या वेळी ठकीला पॉझिटिव्ह रक्त मिळालं असणार. ही तपासणी केली नसती आणि "लॅब आलाय ना, घ्या त्याचं" म्हणून लावलं असतं तर ती टेबलावरच गेली असती, ती ट्यूब मी अजून विसरलेली नाही.

तिसरा शेरा, ३० किलोचा मिक्स, एका दूधवाल्या दादांचा. निगेटिव्ह, किट स्वच्छ, पीसीव्ही ४५, क्रॉसमॅचच्या पेशी धुरासारख्या सुटल्या. हाच.

सहावी पायरी: किती रक्त लागेल

सोपा हिशोब असा की पीसीव्ही १ ने वाढवायला दर किलो वजनामागे साधारण २ मिली संपूर्ण रक्त लागतं. ४० वर न्यायचं नसतं, कुत्रं धोक्याबाहेर येईल एवढंच. ठकीला ११ वरून २३ वर न्यायचं ठरलं, म्हणजे १२ ने वाढ. १२ गुणिले २ गुणिले १८ किलो, झाले ४३२ मिली.

आता शेराकडून किती घेता येतं? सुरक्षित मर्यादा दर किलोमागे १६ मिलीच्या आसपास धरतात, ३० किलोला ४८०. म्हणजे ४३० बसतं. डोनर २० किलोचा असता तर ३२० च्या पुढे जायचंच नाही, पेशंट कितीही गंभीर असला तरी, तेव्हा दोन डोनर शोधायचे.

माणसांच्याच रक्तदानाची ४५० मिलीची बॅग वापरतात, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ६३ मिली द्रव आधीच असतो. मानेची मोठी शीर, केस काढून जागा स्वच्छ केलेली, कुत्रं कुशीवर. बॅग खाली वजनकाट्यावर ठेवतात, काटा शून्यावर आणलेला, आणि भरत असताना सतत हलकेच हलवत राहायचं नाहीतर आत गुठळ्या होतात. १ मिली रक्त साधारण १.०५ ग्रॅम, म्हणून ४५० ग्रॅमला थांबवलं. बॅग कमी भरली तर तो द्रव प्रमाणाबाहेर होतो, हे पण बघावं लागतं. शेरा १२ मिनिटं पडून होता, दादा त्याच्या कानामागे खाजवत होते. नंतर शीर दाबून धरली, पाणी आणि खाणं दिलं, दोन-तीन दिवस पळापळ नाही. पुढचं रक्तदान कमीत कमी ८ आठवड्यांनी, आमचे डॉक्टर ३ महिने सांगतात.

सातवी पायरी: चढवताना

रक्ताचा सेट वेगळा असतो, त्यात जाळी असते बारीक गुठळ्या अडवायला. साध्या सलाईनच्या सेटने रक्त देऊ नये. आणि त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाईन, दुसरं काही नाही. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, त्याने बॅगेतल्या द्रवाचा असर जाऊन नळीत रक्त गोठू शकतं. डेक्स्ट्रोज पण चालत नाही.

सुरू करायच्या आधी ताप, ठोके, श्वास, हिरड्यांचा रंग, शूचा रंग लिहून ठेवायचं, कारण बदल ओळखायला आधीचं हवं. पहिला अर्धा तास एकदम हळू, तासाला दर किलोमागे १ मिली, ठकीला तासाला १८ मिली. आमच्या सेटला २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे मिनिटाला ६ थेंब. तेवढा वेळ दर ५ मिनिटांनी सगळं मोजायचं, कारण मोठी रिॲक्शन बहुतेक वेळा याच काळात डोकं वर काढते आणि तोपर्यंत थोडंसंच रक्त गेलेलं असतं. काही झालं नाही तर वेग वाढवतात. द्रव धरून बॅगेत ४९० मिलीच्या आसपास होतं, ते उरलेल्या साडेतीन तासांत संपवायला मिनिटाला साधारण ४५ थेंब. एकूण ४ तासांत बॅग संपायलाच हवी, खोलीच्या तापमानाला त्याहून जास्त वेळ लटकलेल्या रक्तात जंतू वाढतात.

पालक शेजारी बसलेले असतील तर त्यांनी काय बघायचं? चेहरा, ओठ, पापण्या सुजणं किंवा अंगावर गांधी उठणं ही ॲलर्जी. ताप २ अंश फॅरनहाइटने चढणं. उलटी, अस्वस्थपणे उठबस, थरथर. शू एकदम लाल होणं (ठकीची आधीच गडद होती म्हणून आम्ही आधीची पांढऱ्या वाटीत काढून ठेवली होती तुलनेला). आणि खोकला किंवा श्वासाचा वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, त्याचा अर्थ रक्त फार वेगाने जातंय आणि फुप्फुसात पाणी साचतंय, हे लहान कुत्र्यात आणि हृदयरोग्यात विशेष. यातलं काहीही दिसलं की आधी नळी बंद करायची, मग डॉक्टरांना हाक. बंद केल्याने काही बिघडत नाही.

ठकीचं पन्नासाव्या मिनिटाला काकूंनीच पकडलं. "अगं हिचा ओठ बघ, जाड झालाय." खरंच डावा ओठ सुजलेला आणि पोटावर तीन-चार गांधी. नळी बंद केली. ताप वाढला नव्हता, ठोके तसेच, शूचा रंग वाटीतल्यासारखाच, म्हणजे पेशी फुटत नव्हत्या, नुसती ॲलर्जी. डॉक्टरांनी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, २० मिनिटांत सूज उतरली, मग पुन्हा हळू सुरू करून शेवटपर्यंत दिलं. हाच ओठ ताप आणि लाल शूसोबत असता तर ती बॅग पुन्हा लावलीच नसती.

तिसऱ्या तासाला तिचा श्वास ३४ वर आला. त्यानंतर तिने मान उचलून दादांच्या चपलेचा वास घेतला, चपलेला शेराचा वास येत असणार.

आठवी पायरी: नंतरचे दिवस

पीसीव्ही बॅग संपल्यावर एक-दोन तासांनी, मग २४ तासांनी, मग डॉक्टर सांगतील तसा. ठकीचा दुसऱ्या दिवशी सकाळी २१ होता. हिशोबाने २३ यायला हवा होता, पण बॅबेशिया अजून पेशी फोडत होता त्यामुळे थोडा कमी येणं अपेक्षितच. चौथ्या दिवशी २०, आठव्या दिवशी २६, म्हणजे आता तिची स्वतःची मज्जा कामाला लागली. तीन आठवड्यांनी ३६.

तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत हिरड्या रोज बघा. या काळात पुन्हा पांढऱ्या किंवा पिवळ्या व्हायला लागल्या तर दोन शक्यता असतात, औषध लागू पडत नाहीये किंवा चढवलेल्या पेशी उशिरा फुटतायत, आणि दोन्हींचे उपाय वेगळे म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका, रक्त तपासा. आणखी एक, या कुत्र्याला पुढे कधीही रक्त लागलं तर शेराशी सुद्धा नवीन क्रॉसमॅच करायचं. आज जमलं म्हणून महिन्याने जमेल असं नाही, डीईए १ जुळला तरी बाकीचे ग्रुप असतातच आणि त्यांच्याविरुद्ध मधल्या काळात अँटिबॉडी झालेल्या असू शकतात.

ठकीच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने लिहिलंय: डीईए १ निगेटिव्ह, दोनदा रक्त चढवलेलं, पहिल्या वेळी ग्रुप न बघता, पॉझिटिव्ह डोनरशी क्रॉसमॅच फेल, ॲलर्जी झालेली. काकूंनी त्याच पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, आणि कॉलरला अडकवलेल्या छोट्या पत्र्यावर नाव-नंबराच्या खाली "डीईए १ निगेटिव्ह, क्रॉसमॅच करा" एवढं कोरून घेतलंय.